शताब्दीच्या माहितीपटासाठी शाळेला पत्र : जुने फोटो आणि ध्वनिमुद्रणे मागण्याची कृती

लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ विलेपार्ल्यात पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी. शाळेची शंभरी २०२१ मध्ये झाली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यातल्या इतर जुन्या शाळांच्या शताब्दीही आता एकेक करून येत आहेत. शताब्दी म्हटली की माहितीपट आला, आणि माहितीपट म्हटला की माजी विद्यार्थ्यांच्या समितीकडून मुख्याध्यापकांना पत्र जाते : ‘शाळेचे जुने फोटो व व्हिडिओ उपलब्ध करून द्यावेत.’

या पत्राला सहसा दोनपैकी एक उत्तर येते. एक तर ‘आमच्याकडे काही नाही’, किंवा गेल्या दहा वर्षांतल्या स्नेहसंमेलनांचे मोबाईलवरचे फोटो भरलेला पेनड्राइव्ह. शाळेची इच्छा नसते म्हणून असे होत नाही. पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावरून लिपिकाकडे जाते, आणि ‘जुने फोटो’ म्हणजे कोणते कपाट उघडायचे हे लिपिकाला कळत नाही. म्हणून पत्र असे हवे, की ते हातात घेऊन शाळेतला कोणीही माणूस नेमक्या कपाटापाशी जाऊन उभा राहील. ते कसे लिहायचे आणि ‘हो’ आल्यावर काय करायचे, याची ही कृती.

पायरी १ : पत्राआधी सनावळी मांडा

शाळेत कॅमेरा रोज येत नसे. तो ठरलेल्या प्रसंगी येई. त्यामुळे शाळेच्या स्थापनेचे वर्ष घेऊन पुढचे महोत्सव मोजावेत : रौप्य २५, सुवर्ण ५०, हीरक ६०, अमृत ७५. पार्ले टिळकच्या १९२१ या सालावरून ही वर्षे १९४६, १९७१, १९८१ आणि १९९६ अशी निघतात. महोत्सव प्रत्यक्षात वर्षभर मागेपुढे होतात, म्हणून प्रत्येक सालाच्या दोन्ही बाजूंचे एकेक वर्ष धरावे.

आता त्या त्या काळात नोंद कशावर होत असे, ते शेजारी लिहावे. साधारण १९५० पर्यंत स्टुडिओवाला तिपाईवरचा मोठा कॅमेरा घेऊन येई आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला समूहफोटो देई. पन्नास-साठच्या दशकांत अशा समूहफोटोंसोबत छोटे कृष्णधवल फोटोही मिळतात, काळे कोपरे लावून अल्बमात बसवलेले. क्वचित एखाद्या पालकाने किंवा शिक्षकाने आठ मिलिमीटरच्या फिल्मवर केलेले चित्रणही निघते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून रंगीत फोटो आणि ऑडिओ कॅसेट येतात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून व्हीएचएस कॅसेट, नव्वदच्या अखेरीस छोट्या मिनी-डीव्ही टेप आणि त्यानंतर सीडी.

हा तक्ता हाताशी असला की मागणी अचूक होते. अमृतमहोत्सव १९९६ चा असेल तर ‘व्हिडिओ’ एवढेच मागू नये, ‘व्हीएचएस कॅसेट’ असे लिहावे. ‘व्हिडिओ’ म्हटले की आजचा माणूस संगणकात शोधतो. ‘काळी, पुस्तकाएवढी कॅसेट’ म्हटले की त्याला प्रयोगशाळेतल्या कपाटाचा वरचा कप्पा आठवतो.

पायरी २ : छापील अंक आधी चाळा

शाळेच्या मूळ फोटोंची सर्वांत चांगली सूची शाळेच्या स्मरणिकांत आणि वार्षिक अंकांत असते. हे अंक माजी विद्यार्थ्यांच्या, निवृत्त शिक्षकांच्या घरी आणि उपनगरातल्या जुन्या वाचनालयांत सापडतात. त्यातला प्रत्येक फोटो, पान क्रमांक आणि खालची ओळ टिपून घ्यावी. अंकात छापलेला फोटो माहितीपटाला फारसा उपयोगी नसतो. छपाईच्या बारीक ठिपक्यांमुळे तो मोठा केला की चेहरा विरघळतो आणि ठिपकेच दिसू लागतात. पण तो छापला होता याचा अर्थ त्याची मूळ प्रत कधीतरी संपादक शिक्षकांच्या हातात होती. ‘सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, पान ४२, जुन्या इमारतीचा फोटो, याची मूळ प्रत’ अशी मागणी केली की शोध तिथूनच सुरू होतो.

पायरी ३ : कोणाला लिहायचे आणि कधी

खासगी अनुदानित शाळा संस्था चालवते आणि वस्तूंची मालकी संस्थेची असते. मुख्याध्यापक त्या वस्तू सांभाळतात. म्हणून पत्र मुख्याध्यापकांच्या नावे लिहावे आणि त्याची प्रत संस्थेच्या कार्यवाहांना द्यावी. फक्त संस्थेला लिहिले तर मुख्याध्यापकांना डावलल्यासारखे होते. फक्त मुख्याध्यापकांना लिहिले तर ‘संस्थेला विचारून सांगते’ म्हणून महिना जातो. महापालिकेच्या शाळेत परवानगी पालिकेच्या शिक्षण विभागाकडून लागते, पण तिथेही सुरुवात मुख्याध्यापकांपासूनच करावी.

पत्रासाठी दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचा पंधरवडा उत्तम. जूनमध्ये प्रवेशांची गर्दी असते, डिसेंबरात स्नेहसंमेलन आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची परीक्षा. पावसाळ्यात शाळेला वेळ असला तरी फोटोंना तो ऋतू मानवत नाही. मुंबईच्या दमट हवेत जुन्या फोटोचा वरचा थर मऊ पडतो आणि एकावर एक ठेवलेले फोटो चिकटतात. नोव्हेंबरची कोरडी हवा शाळेलाही सोयीची आणि फोटोंनाही.

पत्र ईमेलने पाठवले तरी छापील प्रत कार्यालयात नेऊन द्यावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. पुढचा पाठपुरावा त्या क्रमांकावर चालतो.

पायरी ४ : पत्र

उदाहरणासाठी मुलुंडमधली, १९२८ साली सुरू झालेली एक शाळा धरू. सुवर्णमहोत्सव १९७८, अमृतमहोत्सव २००३, शताब्दी २०२८. पत्र एका पानाचे असावे आणि यादी वेगळ्या पानावर जोडावी. यादी लिपिकाच्या हातात जाते, पत्र फाइलला लागते.

> दिनांक : ……
>
> प्रति,
> मा. मुख्याध्यापिका,
> …… विद्यालय, मुलुंड (पूर्व), मुंबई
>
> विषय : शताब्दी माहितीपटासाठी शाळेच्या संग्रहातील जुने फोटो व ध्वनिचित्रमुद्रणे पाहण्यास आणि शाळेतच त्यांच्या प्रती करून घेण्यास परवानगी मिळणेबाबत.
>
> महोदया,
> सादर नमस्कार.
>
> आपल्या शाळेला २०२८ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने माजी विद्यार्थी संघ सुमारे ४० मिनिटांचा माहितीपट तयार करत आहे. तो शताब्दी सोहळ्यात दाखवला जाईल आणि शाळेची संमती असल्यास नंतर यूट्यूबवर ठेवला जाईल. त्यातून कोणतेही उत्पन्न घेतले जाणार नाही.
>
> यासाठी सोबतच्या यादीतील साहित्य शाळेत आहे का, हे पाहण्याची परवानगी मिळावी ही विनंती. याबाबत आमच्याकडून पुढील हमी देत आहोत :
>
> १. एकही मूळ फोटो शाळेबाहेर नेला जाणार नाही. स्कॅनर आणि कॅमेरा आम्ही शाळेत आणू. कॅसेट बाहेर नेणे आवश्यक असेल तर प्रत्येक कॅसेटसाठी स्वतंत्र लेखी पोच देऊ.
> २. केलेल्या सर्व प्रतींचा एक पूर्ण संच, सूचीसह, माहितीपट तयार होण्यापूर्वीच शाळेला देऊ.
> ३. सध्या शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो किंवा चित्रण आम्ही मागत नाही.
> ४. जनरल रजिस्टर अथवा विद्यार्थ्यांची वैयक्तिक नोंद असलेली कागदपत्रे आम्ही मागत नाही.
> ५. माहितीपटाच्या श्रेयनामावलीत शाळेचा व मूळ छायाचित्रकाराचा उल्लेख राहील. अंतिम प्रत प्रदर्शनापूर्वी आपल्याला दाखवली जाईल आणि आपण आक्षेप घेतलेले छायाचित्र काढून टाकले जाईल.
>
> कामासाठी एक रिकामी खोली, एक मोठे टेबल आणि विजेची जोडणी पुरेल. दोन शनिवारी, शाळा सुटल्यानंतर, आम्ही तिघे येऊ. आपल्या सोयीचा एखादा दिवस कळवल्यास आधी येऊन प्रत्यक्ष भेटू.
>
> कळावे,
> आपला विश्वासू,
> (नाव, दहावीचे वर्ष, दूरध्वनी)
> माजी विद्यार्थी संघाकरिता
>
> सहपत्र : साहित्याची यादी (१ पान)
> प्रत माहितीसाठी : मा. कार्यवाह, …… संस्था

सहपत्रात चार रकाने असावेत : काय, कोणत्या वर्षाचे, बहुधा कुठे, आणि ‘आहे / नाही’ साठी रिकामी जागा. शेवटचा रकाना विसरू नये. रिकामा चौकोन दिसला की माणूस तो भरतो, आणि ‘नाही’ हेही उपयोगी उत्तर असते. यादीत दहा-बाराच नोंदी ठेवाव्यात. नमुन्यादाखल चार :

- शालान्त परीक्षेच्या वर्गाचे पुठ्ठ्यावर लावलेले समूहफोटो, १९७० पूर्वीचे. मुख्याध्यापकांच्या दालनातील भिंती, शिक्षककक्ष, माळ्यावरच्या जुन्या चौकटी.
- सुवर्णमहोत्सवाचा अल्बम, १९७७ ते १९७९. कार्यालयातील कपाट, ग्रंथालय.
- स्नेहसंमेलनाच्या ऑडिओ कॅसेट, १९७५ ते १९९५. संगीत शिक्षकांचे कपाट, ध्वनिक्षेपक ठेवण्याची जागा.
- अमृतमहोत्सवाच्या व्हीएचएस किंवा मिनी-डीव्ही टेप आणि सीडी, २००२ ते २००४. संगणक कक्ष, प्रयोगशाळा.

तिसरा रकाना भरताना जुन्या शिपायांना आणि निवृत्त लिपिकांना आधी विचारावे. इमारतीला रंग देताना किंवा नवीन मजला चढवताना सामान कुठून कुठे हलले, हे त्यांनाच माहीत असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांतले असंख्य तळमजले पाण्याखाली गेले. त्यामुळे २००५ पूर्वी शाळेचे दफ्तर कोणत्या मजल्यावर होते, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. तळमजल्यावर होते असे कळले तर शाळेपेक्षा माजी शिक्षकांच्या घरचे अल्बम शोधण्यावर भर द्यावा.

पायरी ५ : या हमी का द्यायच्या

मूळ फोटो बाहेर न नेण्याची हमी सर्वांत महत्त्वाची, कारण मुख्याध्यापकांच्या मनातली पहिली भीती तीच असते. पूर्वी कोणीतरी स्मरणिकेसाठी फोटो नेले आणि परत दिले नाहीत, असे बहुतेक शाळांत घडलेले असते. संच आधी देण्याची हमीही पाळता येते, कारण स्कॅनिंग हे माहितीपटाचे पहिलेच काम आहे.

जनरल रजिस्टरची हमी अनेकांना अनावश्यक वाटते. ‘शाळेचा पहिला विद्यार्थी’ दाखवण्याचा मोह प्रत्येक समितीला होतो आणि त्याचे नाव रजिस्टरच्या पहिल्या पानावर असते. पण त्याच ओळीत जात, जन्मतारीख आणि पालकांची माहितीही असते. ते पान पडद्यावर दाखवायचे नाही. पहिल्या नोंदीतील नाव आणि वर्ष शाळेने स्वतः लेखी कळवावे, एवढीच विनंती भेटीत करावी.

हक्कांचे तीन पदर लक्षात ठेवावेत. फोटोचा कागद शाळेचा. फोटोवरचा कॉपीराइट वेगळा : १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, शाळेने पैसे देऊन स्टुडिओकडून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. हौशी शिक्षकाने स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोसाठी त्यांची किंवा त्यांच्या वारसांची दोन ओळींची संमती घ्यावी. तिसरा पदर ध्वनिमुद्रणाचा. शाळेची मुले आकाशवाणीच्या किंवा दूरदर्शनच्या कार्यक्रमात गेली असतील आणि त्याची टेप शाळेत असेल, तरी तो कार्यक्रम वापरण्याची परवानगी शाळा देऊ शकत नाही. ती प्रसार भारतीकडून घ्यावी लागते. स्नेहसंमेलनातल्या नाचामागे सिनेमाचे गाणे वाजत असेल तर यूट्यूब ते ओळखते आणि चित्रफीत अडवू किंवा मुकी करू शकते. नाच ठेवावा, आवाज काढावा आणि त्या जागी निवेदन घ्यावे.

पायरी ६ : ‘हो’ आल्यावर, फोटोंचे काम

पहिल्या भेटीत काहीही स्कॅन करू नये. फक्त पाहावे, मोबाईलने जागच्या जागी फोटो घ्यावा आणि क्रमांक द्यावा. मूळ फोटोवर काहीही चिकटवू नये. बॉलपेनने मागे लिहिले की अक्षरांचा उठाव पुढच्या बाजूला चेहऱ्यावर येतो. लिहायचेच असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, मागच्या कडेला.

दोन प्रकारचे फोटो हाताने सोडवायला जाऊ नये. पहिला, चौकटीच्या काचेला चिकटलेला. भिंतीत मुरलेल्या पाण्यामुळे हा प्रकार मुंबईत सर्रास दिसतो. ओढला तर चित्राचा थर काचेवरच राहतो, म्हणून काचेसकट कॅमेऱ्याने फोटो घ्यावा. दुसरा, सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या चिकट पानांच्या अल्बममधला. वरचा प्लास्टिकचा पापुद्रा हलकेच उचलता आला तर उचलावा, फोटो मात्र पानावरच ठेवून स्कॅन करावा.

स्कॅन किती बारकाईने करायचा हे माहितीपटात काय दाखवायचे त्यावरून ठरवावे. एक समूहफोटो घेऊ : १२ बाय १० इंच, चार रांगांत पंचेचाळीस मुले आणि मधोमध शिक्षक. यात एका मुलाचा चेहरा साधारण एक सेंटिमीटर रुंद असतो. स्कॅनर ३०० डीपीआयवर ठेवला तर त्या चेहऱ्याला सुमारे ११८ पिक्सेल मिळतात, ६०० वर २३६ आणि १२०० वर ४७२. फुल एचडी चौकट १९२० पिक्सेल रुंद असते. पूर्ण वर्गावरून सरकत कॅमेरा एका मुलाच्या चेहऱ्यावर थांबावा आणि चेहऱ्याने चौकटीचा पाव भाग व्यापावा असे हवे असेल, तर ४८० पिक्सेल लागतात. म्हणजे समूहफोटो १२०० वरच करावा. रंगीत स्कॅनची फाइल अर्ध्या जीबीच्या आसपास जाते, त्याची तयारी ठेवावी. कृष्णधवल फोटोही रंगीतवरच स्कॅन करावा, डाग आणि पिवळेपणा नंतर वेगळा काढता येतो. पुठ्ठ्याची कड कापू नये. स्टुडिओचे नाव आणि कधी कधी साल तिथेच उमटवलेले असते.

हा फोटो ए-फोर स्कॅनरच्या काचेवर पूर्ण मावत नाही. दोन भागांत, मधला हातभर नव्हे तरी तीन-चार बोटे भाग दोन्हींत येईल असा स्कॅन करून संगणकावर जोडावा. पुठ्ठा वाकलेला असेल तर झाकण दाबू नये, तो मधोमध तडकतो. अशा वेळी कॅमेरा बरा : फोटो आडवा ठेवून वर तिपाईला कॅमेरा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर सारखे दिवे, फ्लॅश बंद. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने असा फोटो सुमारे ४०० डीपीआयइतका मिळतो. चेहऱ्यांसाठी तो भागाभागाने घ्यावा.

फाइल टिफ स्वरूपात ठेवावी आणि नाव असे द्यावे की वीस वर्षांनी उघडणाऱ्यालाही कळेल :

```
1964_SSC_GROUP_01_front.tif
1964_SSC_GROUP_01_back.tif
```

मागची बाजूही स्कॅन करावी. नावे, शिक्के, स्टुडिओचा क्रमांक तिथे असतो.

पायरी ७ : कॅसेट, टेप आणि फिल्म

ऑडिओ कॅसेट मिळाली की सर्वांत आधी तिच्या वरच्या कडेवरच्या दोन छोट्या प्लास्टिकच्या चकत्या मोडाव्यात. त्या मोडल्या की टेपरेकॉर्डरचे ध्वनिमुद्रणाचे बटण दबत नाही आणि चुकून आवाज पुसला जात नाही. व्हीएचएसला अशी एकच चकती मागच्या कडेला असते.

मग खिडकीतून टेपच्या वेटोळ्याकडे उजेडात पाहावे. कडेवर पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. ती कॅसेट लावू नये. बुरशीने वेटोळी एकमेकांना चिकटलेली असतात, टेप ताणली की फाटते. बीजाणू यंत्रात राहून पुढची प्रत्येक कॅसेटही खराब होते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत बंद करून हे काम करणाऱ्या व्यावसायिकाकडेच द्यावी. स्वच्छ दिसणाऱ्या ऑडिओ कॅसेटमध्ये तोंडाशी असलेला लोकरीचा बारीक तुकडा जागेवर आहे का, पाहावे. त्याच्यावर दाब मिळूनच टेप वाचली जाते. तो गळून पडला असेल तर आवाज दबका आणि विरत जाणारा येतो, आणि कॅसेटच खराब आहे असा समज होतो. तुकडा दुसऱ्या रिकाम्या कॅसेटमधून बसवता येतो.

कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे फिरवावी, मग वाजवावी. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटेच लागतात, घाईचा मार्ग नाही. आवाज वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटवर घ्यावा. चित्रपटाच्या संकलनात तोच लागतो. एमपी-थ्रीमध्ये थेट मुद्रण करू नये, त्यात गेलेला आवाज परत आणता येत नाही. मिनी-डीव्ही टेपसाठी त्या काळचा चालू कॅमेरा आणि फायरवायर जोडणी असलेला संगणक लागतो. तो आधी मिळवावा, मगच टेपची पोच लिहावी.

फिल्मचे रीळ निघाले तर डबा उघडून वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा पाया विघटित होऊ लागला आहे आणि ती आकसलेली असते. आकसलेल्या फिल्मची छिद्रे प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसत नाहीत, ती चिरत जाते. जुना प्रोजेक्टर लावून ‘फक्त एकदा पाहू’ असे करू नये. डबा वेगळा, हवेशीर जागी ठेवावा आणि फिल्म स्कॅन करणाऱ्या प्रयोगशाळेचा सल्ला घ्यावा. पुण्यात १९६४ पासून असलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे क्षेत्र हेच आहे.

पायरी ८ : चेहऱ्यांना नावे

समूहफोटोवर नावे लिहिण्याची आपली जुनी रीत पक्की आहे : ‘खुर्चीवर बसलेले, डावीकडून’, ‘उभे, पहिली रांग’, ‘खाली बसलेले’. ती तशीच वापरावी. स्कॅनचा मोठ्या कागदावर छापील नमुना काढावा, प्रत्येक डोक्यावर क्रमांक घालावा आणि त्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना आणि एका शिक्षकांना वेगवेगळे दाखवावा. एकत्र बसवले की ज्याचा आवाज मोठा त्याचे नाव कागदावर चढते. दोघांनी स्वतंत्रपणे तेच नाव सांगितले तर शाईने लिहावे, एकानेच सांगितले तर पेन्सिलीने. माहितीपटात फक्त शाईतली नावे घ्यावीत.

साल ठरवतानाही हीच शिस्त पाळावी. पुठ्ठ्यावर साल नसेल तर फोटोतल्या पाटीवरचा इयत्ता-वर्षाचा मजकूर, मागची इमारत किती मजली आहे आणि त्या वेळी मुख्याध्यापक कोण होते, या तीन गोष्टी जुळवून ‘१९६२ ते १९६५ दरम्यान’ असे लिहावे. एकच नेमके साल लिहून चुकण्यापेक्षा हे बरे.

पायरी ९ : उत्तर आले नाही तर

पंधरा दिवस थांबावे. मग आवक क्रमांक घेऊन कार्यालयात जावे आणि पत्र कोणाच्या टेबलावर आहे एवढेच विचारावे. दुसरे पत्र लिहिताना मागणी कमी करावी : यादीतल्या एकाच नोंदीसाठी, उदाहरणार्थ मुख्याध्यापकांच्या दालनातल्या भिंतीवरच्या फोटोंसाठी, एका तासाची वेळ मागावी. भिंतीवरचे फोटो सर्वांसमोर असतात, त्यांना कोणी ‘नाही’ म्हणत नाही. पायरी ६ मधला नियम इथे सोडून पहिल्या भेटीतच ते स्कॅन करावेत आणि छापील प्रत मुख्याध्यापकांच्या हातात द्यावी. पुढची कपाटे त्यानंतर उघडतात.

नकार आला तर त्याचे कारण लेखी मागू नये, भेटून विचारावे. बहुतेक वेळा नकार फोटोंना नसतो. यूट्यूबला असतो, किंवा आपल्या समितीतल्या एखाद्या माणसाला असतो. दोन्हींवर तोडगा निघतो : पत्रातले यूट्यूबचे वाक्य काढता येते आणि शाळेत जाणारा माणूस बदलता येतो.

पायरी १० : परतफेड

माहितीपटाचे संकलन सुरू होण्याआधी शाळेला तीन वस्तू द्याव्यात : सर्व प्रतींची हार्डडिस्क, छापील सूची आणि बाहेर नेलेल्या प्रत्येक कॅसेटची परत केल्याची सही. एक संच संस्थेकडे, एक समितीकडे. तीन ठिकाणी असलेली प्रत एका आगीत किंवा एका पुरात जात नाही. सूचीवर फाइलचे नाव, वर्ष, प्रसंग, मूळ वस्तू शाळेत कुठे ठेवली आहे आणि ती कोणी दिली, एवढे पाच रकाने पुरेत.

उपनगरातल्या ज्या शाळांची शताब्दी पुढच्या चार-पाच वर्षांत आहे, त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी हे पत्र या दिवाळीनंतरच द्यावे. शताब्दीच्या वर्षात शाळेला वेळ नसतो, आणि साठ-सत्तर सालच्या फोटोंतली नावे सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.